अर्जरावांचा चौथा अर्ज

गावात त्यांना खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. सगळे अर्जराव म्हणत, आणि तेही पाठीमागे. पोस्टमननं पत्र अंगणात टाकलं की अर्ज. विजेचा खांब वाकला की अर्ज. शेजाऱ्याचा कोंबडा अवेळी आरवला तेव्हाही त्यांनी दीड पान लिहिलं होतं, फक्त ते कुणाला पाठवायचं हे न कळल्यामुळे घडी घालून ठेवलं. त्यांच्या अर्जाची ठेवण ठरलेली असे: वर आपली ओळख, मध्ये अपमानाची हकीकत, शेवटी धमकी. काम काय आहे, ते शोधावं लागे.

जनावरांच्या दवाखान्यात त्यांच्या नावाची वेगळी फाईल होती. डॉक्टरीणबाई नव्या होत्या, पण ती फाईल त्यांनी आल्याआल्या वाचून काढली होती. त्यामुळे गाय तिसऱ्यांदा आजारी पडली आणि अर्जराव काउंटरवर उभे राहिले, तेव्हा कुणीच खुर्ची पुढे केली नाही.

"मॅडम, घरी या. गाय चालत नाही."

"जनावर घेऊन या. तुमचे गाईचे तीन अर्ज माझ्याकडे आहेत. एकात माझ्या आधीच्या साहेबांच्या मिशा आहेत, दुसऱ्यात आमच्या शिपायाचं घोरणं आहे. तिसऱ्यात तर मीच आहे. गाय कुठंय?"

"गाय घरी आहे, म्हणूनच तर बोलावतोय!"

शिपाई कोपऱ्यातून म्हणाला, "मागच्या दोन्ही वेळेला पावडर नेली होती की. पुन्हा देऊ का?"

"तुझी पावडर तूच खा," अर्जराव म्हणाले. "वर लिहितो मी. तुमच्या सगळ्यांचं लिहितो."

"लिहा," बाई म्हणाल्या. "सही मात्र नीट करा, मागच्या वेळी वाचता आली नाही."

घरी येईपर्यंत अर्जरावांनी मनातल्या मनात चार पानं लिहून टाकली होती. गोठ्यात गाय उभी होती. पाठ कमानीसारखी वर, पुढच्या पायांचे कोपर अंगापासून बाहेर काढलेले, मान लांब. गव्हाणीत चारा तसाच पडलेला. पोटात सहावा महिना होता. गाय गेली तर वासरूही जाणार, आणि घरात दुसरं जनावर नव्हतं.

त्यांनी कागद पुढे ओढला. बायको कडेला पाट घेऊन बसली.

"काय लिहिताय?"

"या बाईचा उद्धटपणा."

"तिला तो माहीत असेल. गाईचं लिहा."

"गाईचं काय लिहायचं? आजारी आहे!"

"कशी आजारी आहे? कधी? किती वेळा? तुम्ही फिरता गावभर, गोठ्यात मी असते. मी सांगते तेवढंच लिहा. आपल्या पदरचं एक अक्षर घालायचं नाही."

अर्जरावांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी मजकूर सांगत होतं. ते दात खात लिहू लागले.

"माझी गाय पाच वर्षांची, सहा महिने गाभण. पाच तारखेला डाव्या बाजूनं पोट फुगलं, चारा सोडला, दूध निम्म्यावर आलं. पावडर दिली, दोन दिवसांत बरी झाली. सतरा तारखेला पुन्हा तेच, पुन्हा पावडर. काल तिसऱ्यांदा. या वेळी जास्त आहे. रवंथ बंद आहे. शेण थोडं आणि कडक. बसताना कण्हते. चढ चढते, पण उतार आला की पाय रोवते, ओढली तर कण्हते. दवाखाना उताराखाली आहे, म्हणून आणता येत नाही. घरी येऊन बघावं, ही विनंती."

"विनंती नको," अर्जराव म्हणाले. "मागणी लिहितो."

"विनंतीच लिहा."

खाली सही करताना त्यांचा हात आखडला. इतका मिळमिळीत अर्ज त्यांनी उभ्या जन्मात केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडताच त्यांनी तो कागद बाईंच्या टेबलावर आपटला. बाईंनी कंटाळून घडी उघडली. निम्म्यावर आल्यावर त्या सरळ बसल्या.

"उतारावर कण्हते? चढावर नाही?"

"लिहिलंय तसं."

"हे आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत का?"

"तुम्ही मिशांचं लिहीत होता!" बाईंनी बॅग उचलली. शिपायाला म्हणाल्या, "चुंबक घे. आणि एक जाड बांबूही घे."

गोठ्यात बाईंनी आधी ताप मोजला. एकशे तीन पूर्णांक आठ; गाईला एकशे दोनच्या आत हवा. मग गाईच्या खांद्यामागची कातडी दोन्ही हातांनी घट्ट चिमटली. धडधाकट गाय अशा चिमट्यानं पाठ खाली घेते; हिनं पाठ ताठ ठेवली आणि खोल कण्हली. छातीखाली बांबू घालून शिपायानं आणि अर्जरावांनी दोन बाजूंनी हळूच उचलला, तेव्हा ती पुन्हा कण्हली. बाईंनी मानेची शीर बघितली, छातीखाली सूज चाचपली, कोपरामागे नळी लावून हृदयाचे ठोके बराच वेळ ऐकले.

"हृदयापर्यंत गेलेलं नाही अजून. पोटात काहीतरी टोचतंय. चाऱ्यातून तार गेली असणार. उतारावर पोटातला सगळा भार पुढे येतो, म्हणून तिथं दुखतं. तुमच्या गोठ्यात तार कुठंय?"

"माझ्या गोठ्यात तार नाही. कसलीही नाही. तुमच्या पावडरीत असेल."

बाई चाऱ्याच्या गंजीकडे गेल्या. प्रत्येक पेंढी बारीक तारेनं आवळलेली होती. दोऱ्या चोरीला जातात म्हणून अर्जरावांनी हा उपाय काढला होता, आणि दोरी चोरणाऱ्यांविरुद्ध अर्जही केला होता. पेंढी सोडताना ते तार पक्कडीनं तोडत आणि तुकडे तिथंच टाकत. गव्हाणीशेजारी बाईंनी एक बोटभर तुकडा उचलला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला.

"आपल्या हातानं चारलीय तुम्ही तिला."

अर्जरावांचा चेहरा लाल झाला. "दोन वेळा तुम्ही न बघता पावडर दिलीत, ते?"

"ते माझं. तक्रारीत घाला, मी नाकारणार नाही. आता गाईचं नाक धरा."

त्यांनी नाक धरलं. बाईंनी नळीनं चुंबक घशात सोडलं, मान वर धरून गिळू दिलं. त्याच्याभोवती तार चिकटली तर ती आणखी पुढे घुसणार नाही, असं त्यांनी बायकोला सांगितलं. अर्जरावांकडे त्या बघतही नव्हत्या. इंजेक्शन दिलं. उरलेली इंजेक्शनं शिपाई येऊन देईल. गाईला फिरवायचं नाही. पुढचे पाय फळीवर उंच ठेवायचे. रोज दोनदा ताप मोजायचा. तीन दिवसांत उतरला नाही, तर पोट उघडावं लागेल, आणि गाभण गाईचं पोट उघडणं सोपं नसतं.

त्या तीन दिवसांत नवरा-बायकोत एक शब्द झाला नाही. बायको ताप मोजत होती, ते लिहीत होते. पहिल्या दिवशी एकशे तीन पूर्णांक सहा. दुसऱ्या दिवशी एकशे तीन. तिनं मधे फक्त एकदा पेंढ्यांच्या गंजीकडे बघितलं होतं, आणि त्या एका नजरेपेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला.

"ताप?"

"एकशे एक पूर्णांक सात."

"शेण?"

"पडलं. मऊ."

"रवंथ?"

अर्जरावांनी गोठ्यात डोकावून बघितलं. गाईचा जबडा संथपणे हलत होता. "करतेय."

"आभाराची गरज नाही," बाई म्हणाल्या.

"मी मानतही नव्हतो," अर्जराव म्हणाले आणि फोन ठेवला.

मग ते पक्कड आणि एक रिकामा डबा घेऊन गंजीपाशी बसले. पहिल्या पेंढीची तार तोडली, डब्यात टाकली, दुसरी ओढली. बायकोनं दोरीचं भेंडोळं त्यांच्या अंगावर फेकलं. ते खांद्याला लागलं. त्यांनी तक्रार केली नाही.