अकरावा फोन

हंपीला जायचं ठरलं आणि आईने पेडण्याच्या घरातूनच नकार दिला. सुर्ल्याच्या मावशीला पक्षाघात झाल्यापासून तिची वाचा गेली होती. रोज संध्याकाळी दोघी बहिणी व्हिडिओवर एकमेकींना बघायच्या. नुसत्या आवाजाच्या कॉलचा उपयोग नव्हता आणि आईच्या फोनला तर घराबाहेर नेट नसायचंच. शेवटी वायफायचं डोंगल घेण्याचं काम माझ्या गळ्यात पडलं. ऑफिस सुटल्यावर पणजीच्या त्या दुकानात उभं राहून माझे पाय मोडून आले.

दुकानदाराने आधी पेनड्राइव्हसारखं एक काढलं. त्याला स्वतःची बॅटरीच नव्हती, म्हणून ते बाजूला ठेवलं. दुसऱ्याच्या खोक्यावर आठ तास लिहिलं होतं.

"सगळ्यांनी एकदम लावल्यार चारपाच तासच धरा," तो म्हणाला. मी तेच घेतलं.

रोजच्या ठरावीक डेटाचा प्लॅन मी घेतला नाही. आमची मंडळी दुपारपर्यंतच तो फस्त करतील आणि संध्याकाळी आईच्या वाट्याला रांगणारं नेट येईल, हे मला ठाऊक होतं. महिन्याचा एकगठ्ठा डेटा घेतला. एका वेळी दहा फोन जोडता येत होते. आम्ही मोठी माणसं सहा, म्हणजे दहा पुष्कळ झाले, असं मला वाटलं.

पहिल्याच संध्याकाळी लॉजमध्ये आईचा फोन जोडला जाईना. मी वैतागलो. चार्जिंग होतं, डेटा होता, पासवर्ड बरोबर होता. मग डोंगलच्या इवल्या पडद्यावर बघितलं, तर जोडलेले दहा. आमचे पाच फोन, मुलांचे दोन टॅब, गाडीचा ड्रायव्हर आणि शेजारच्या खोलीतलं जोडपं. पासवर्ड आईनेच वाटला होता, वर प्रत्येकाला "नेट जाय मरे तुका?" म्हणून हवंय का ते विचारून. आणि स्वतःचं वायफाय दिवसभर बंद ठेवलं होतं.

"तुझ्यासाठीच घेतलंय ना हे!" मी ओरडलो.

"सगळ्यांचा होव दे आदी," ती म्हणाली, "मगे मी."

हे वाक्य मी जन्मभर पंगतीत ऐकत आलो आहे. वाढून वाढून शेवटी भांड्याच्या तळाशी उरेल ते ती घेते. राग कुठे काढावा तेच कळेना. मी माझ्या फोनचं वायफाय बंद केलं आणि क्षणभराने तिचा फोन जोडला गेला.

मावशी दिसली. उशीला टेकवून बसवलेली, दाराकडे बघत. आईला बघताच तिने धडधाकट हात उचलला, पाच बोटं जुळवली आणि तोंडापाशी नेली.

इकडे खोलीत आमची जेवणं होऊन सगळ्यांची ताटं धुवायला गेली होती. आईच्या मागे तिचं झाकलेलं ताट तसंच होतं.

"जेवलंय गे, जेवलंय," आई म्हणाली.

मावशीने मान हलवली. तिचा विश्वास बसला नव्हता.