हिरव्या दिव्याआधीची पायरी

सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीतल्या रंगाई कारखान्यातून फोन आला तेव्हा मी ऑफिसात आठवड्याची कामं मांडत होते. ऑपरेटर भाजलाय, एवढंच कळलं. दुपारपर्यंत बाकीचं कळलं. नव्या मशीनचं झाकण उघडताच आतलं कढत रंगपाणी त्याच्या तोंडावर, मानेवर आणि दोन्ही हातांवर उडालं होतं.

त्या मशीनला चालवणारं सॉफ्टवेअर आमचं. कंपनी लहान, माणसं मोजकी. मी पूर्वी प्रोग्रामिंग करायचे, आता कामाचं नियोजन करते, गिऱ्हाइकांशी बोलते आणि नवं मशीन बसलं की ऑपरेटरांना शिकवते. या ऑपरेटरलाही मीच शिकवलं होतं. खानदेशातला माणूस, कोसाडला राहणारा, चाळिशीचा. सगळं दोनदा विचारून घ्यायचा.

"ताई, हिरवा दिवा लागना म्हंजे झाकण उघाडाले हरकत नही ना?"

"हरकत नाही. लाल असेपर्यंत हात लावायचा नाही. हिरवा झाला की कुलूप आपोआप सुटतं."

"आनि दिवा खोटं बोलना तर?"

बाकीचे हसले. एकजण म्हणाला, "तुझ्या बायकोसारखा नाहीये तो, सांगेल तेच करतो." तोही हसला. मीही हसले होते.

पॉलिएस्टर रंगवायचं तर पाणी उकळीच्याही वर तापवावं लागतं, बंद भांड्यात, दाबाखाली. मग थंड करायचं, दाब उतरवायचा, झाकण उघडून कापडाचा तुकडा काढायचा आणि शेड जुळते का ते बघायचं. या क्रमात चूक म्हणजे अंगावर वाफ. म्हणूनच आमच्या सिनियर प्रोग्रामरने फार वर्षांपूर्वी हा क्रम एका बेस क्लासमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनांच्या सामाईक साच्यात, बांधून टाकला होता. झाकण बंद आहे का बघ, पाणी भर, तापव, ठरलेला वेळ धरून ठेव, थंड कर, दाब उतरला का विचार, मग हिरवा दिवा आणि कुलूप. सगळ्या पायऱ्या एकाच मेथडमध्ये, म्हणजे सूचनांच्या एका गठ्ठ्यात, आणि ती मेथड अशी बंद केलेली की पुढे कोणालाही क्रम बदलता येऊ नये. प्रत्येक मशीनसाठी त्या साच्यावरून बेतलेला एक वेगळा सबक्लास. पाणी कसं भरायचं, किती तापवायचं हे त्याने ठरवायचं. कधी, हे त्याने ठरवायचं नाही.

मला ही रचना पहिल्यापासून आवडायची. मी स्वतः बाजारात जाताना दुकानांच्या क्रमाने यादी लिहिणारी. ऑफिसात त्यावरून माझी टर उडायची.

कारखान्याने संध्याकाळपर्यंत आपलं म्हणणं ठरवलं होतं. कुलपाला अडचणीच्या वेळी वापरायची एक हाताची चावी असते. ती मशीनलाच लावलेली सापडली. म्हणजे ऑपरेटरने घाई केली, लाल दिवा असतानाच चावी फिरवली, झाकण उघडलं. आमच्या गुजराती मालकांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"बेन, तमे रिपोर्ट लखी नाखो. ऑपरेटरची भूल. त्यांच्याकडूनही तसंच जाणार आहे."

"त्याला कोणी विचारलंय का?"

"त्याच्या तोंडावर पट्ट्या आहेत. काय विचारणार?"

मी त्याच दिवशी दवाखान्यात गेले. बर्न्स वॉर्डच्या बाहेर त्याची बायको बाकावर बसली होती. मांडीवर डब्याची पिशवी, आणि डबा न उघडलेला. मी कोण हे सांगितल्यावर तिने पिशवी बाजूला ठेवून मला जागा दिली. मग म्हणाली, "कारखान्याचे दोघं येऊन गेले. म्हणाले, चूक तुझ्या माणसाची, तर दवाखान्याचं आम्ही का बघायचं? आणि चूक त्याची ठरली तर त्याला परत कुठे कोण उभं करील? सगळ्या सचिनमध्ये सगळे सगळ्यांना ओळखतात."

"ते काय म्हणतात?"

"शुद्धीत आले की एकच. हिरवा व्हता. हिरवा व्हता."

आत जाऊ दिलं नाही. मी परत आले आणि सिनियर प्रोग्रामरच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तो विदर्भातला, माझ्यापेक्षा थोडा लहान. स्वभावाने तिरकस, पण कामात चोख.

"या मशीनचा सबक्लास दाखव."

"ताई, चावी लावलेली होती म्हणतात ना?"

"दाखव तर."

त्याने उघडला. पाणी भरणं होतं, तापवणं होतं, थंड करणं होतं. सगळं नीट लिहिलेलं. दाबाचं काहीच नव्हतं. तो वरून खाली गेला, पुन्हा वर आला, आणि त्याचा हात माउसवर थांबला.

"मग बेस क्लासमधलं चाललं," तो म्हणाला.

"बेस क्लासमध्ये काय आहे?"

त्याने ती मेथड उघडून दाखवली. दाब उतरला का, असा प्रश्न. खाली एकच ओळ. उत्तर, हो.

कारण असं होतं. आमची पहिली मशीनं जुन्या घाटाची. त्यांच्या झाकणाला लोखंडी अडकवण होती. आत दाब असेपर्यंत ती हलायचीच नाही. सॉफ्टवेअरने विचारायची गरज नव्हती. म्हणून त्याने बेस क्लासमध्ये 'हो' लिहून ठेवलं आणि ज्या मशीनला दाबाचा सेन्सर असेल त्याच्या सबक्लासने ती मेथड ओव्हरराइड करावी, म्हणजे तिच्या जागी स्वतःची लिहावी, अशी सोय ठेवली. सोय म्हणजे मुभा. केलं तर केलं, नाही तर बेसमधलं चालतं. नव्या मशीनला लोखंडी अडकवण नव्हती. त्याचं कुलूप आमच्याच इशाऱ्यावर सुटायचं. सेन्सर होता, पण त्याला विचारणारं कोणी नव्हतं. हा सबक्लास लिहिणारा मुलगा जुन्या मशीनचा नमुना समोर ठेवून बसला, आणि जुन्यात ती मेथड नव्हतीच. प्रोग्राम तपासून तयार करणारा कम्पायलर गप्प राहिला. त्याच्या दृष्टीने काही राहिलेलं नव्हतं.

"मग इतके दिवस काही झालं कसं नाही?" मी विचारलं.

"थंड करण्याची पायरी नीट झाली तर दाब आपोआपच उतरतो. त्या दिवशी दाब सोडणारी वाफेची नळी सुताच्या कचऱ्याने तुंबली असेल. तापमान खाली आलं, दाब राहिला. आणि आपण छाती ठोकून सांगितलं, हो, उतरला."

आम्ही ते टेबलावर चालवून पाहिलं. मशीनऐवजी आकडे देणारा सिम्युलेटर असतो, त्यात दाब चढाच ठेवला आणि नव्या मशीनचा प्रोग्राम सुरू केला. पायऱ्या एकेक करून गेल्या, एकही चुकली नाही. शेवटी हिरवा चौकोन उमटला आणि खाली अक्षरं आली, कुलूप उघडलं.

"म्हणजे तो खरं सांगतोय," मी म्हणाले.

"हो." तो चष्मा काढून डोळे चोळत होता. "क्रम बरोबर आहे ताई. माझा क्रम कधीच चुकला नाही."

मी त्याला म्हटलं, ती ओळ काढ. 'हो' काढून टाक. ती मेथड अ‍ॅबस्ट्रॅक्ट कर, म्हणजे ज्याने ती लिहिली नाही त्याचं सॉफ्टवेअर तयारच होणार नाही.

त्याने ओळ पुसली, बदल केला आणि बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने तयार करणं, सुरू केलं. मला चूक दाखवणारी एकच लाल ओळ अपेक्षित होती. पडद्यावर एकाखाली एक लाल ओळी आल्या. बहुतेक जुन्या मशीनांच्या होत्या, त्या येणारच हे मग लक्षात आलं. त्यांना लोखंडी अडकवण आहे. तो एकेक नाव वाचत बाजूला सारत गेला. अपघाताचं मशीन सोडून उरली तीन. तिघांनाही अडकवण नव्हती. एक पांडेसऱ्याला, एक पलसाण्याला, एक सचिनलाच, या कारखान्यापासून दोन गल्ल्या पुढे.

"ही आत्ता चालू असतील," तो म्हणाला.

मी फोन उचलला. मालक दारात उभे होते. आमचा आवाज ऐकून आले असणार.

"बेन, कोणाला फोन करता?"

"मशीनं बंद करायला सांगते."

"थांबा. आत्ता सांगितलं तर उद्या सगळं सुरत म्हणेल, यांच्याच सॉफ्टवेअरने माणूस भाजला. अपडेट आज चुपचाप पाठवून द्या. कोणाला काही कळायला नको."

"अपडेट जाईपर्यंत कोणी झाकण उघडलं तर?"

"आजवर उघडतच होते ना?"

मी नंबर फिरवला. ते निघून गेले. पांडेसऱ्याच्या सुपरवायझरने ताबडतोब बंद केलं. पलसाण्याच्याने आधी मला शिव्या दिल्या, माल अर्धा तापलाय म्हणाला, मग बंद केलं. सचिनचा फोन कोणी उचलेना. मी रिक्षा करून निघाले. पोचले तेव्हा मशीनसमोर एक ऑपरेटर बाटलीतून पाणी पीत उभा होता, दिवा लाल होता. मी मेन स्विच बंद करायला लावला. तो विचारत राहिला, "शुं थयुं, बेन? बरोबर तर चालू होतं."

मी रिपोर्ट लिहिला. कारखाना तपासणीचे अधिकारी आमच्या ऑफिसात आले तेव्हा आम्ही त्यांच्यासमोर जुना प्रोग्राम पुन्हा चालवला, दाब चढा ठेवून. हिरवा चौकोन उमटला. त्यांनी चावीबद्दल विचारलं. मशीनच्या नोंदीत कुलूप आमच्या इशाऱ्याने सुटल्याचं होतं, चावी फिरल्याचं नव्हतं. चावी अपघातानंतर कोणी लावली हे कारखान्यात कोणालाच आठवेना. मालक त्या वेळी गावाला गेले होते. सिनियर प्रोग्रामरने बेस क्लास स्वतःचा असल्याचं सही करून दिलं. मी त्याला थांबवलं नाही.

अधिकारी जबाब घ्यायला वॉर्डात गेले तेव्हा मला सोबत घेतलं, त्याची अहिराणी समजेल म्हणून. त्याचा एक डोळा उघडा होता. हात कोपरापर्यंत गुंडाळलेले, त्यामुळे सही नाही, अंगठाही नाही. बायकोने अंगठा दिला. अधिकाऱ्यांनी वाचून दाखवलं की दिवा हिरवा होता, कुलूप आपोआप सुटलं होतं आणि ऑपरेटरने चावी वापरली नव्हती.

त्याने सगळं ऐकलं. मग माझ्याकडे मान वळवली. त्याला वेळ लागला.

"मंग मी बरोबर व्हतू."

"हो, दादा. तुम्ही बरोबर होतात."

"मंग मले परत ठेवतीन?"

अधिकारी कागद गोळा करत होते. डॉक्टरांनी सकाळीच त्याच्या बायकोला बाहेर नेऊन बोटं वाचणार नाहीत असं सांगितलं होतं. त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं. ती उठली आणि पायाकडची चादर सारखी करू लागली. मी म्हणाले, "बघू. आधी बरे व्हा."

त्याने डोळा मिटला. तो समजला की थकला, मला कळलं नाही.