शून्य केबीची फाइल

छापखान्यात पानं लावणाऱ्या अक्कांना बिनडोक माणसांचा मनापासून तिटकारा होता. त्या दिवशी एका जुन्या गिऱ्हाइकाची मेल आली. मजकुराचं एक अक्षर नाही आणि जोडलेली फाइल शून्य केबीची!

"मागचंच पत्रक असणार. तारीख बदलून लावून टाका," मालक म्हणाले.

"डोकं गहाण ठेवलंय का, मालक?" अक्का फणकारल्या आणि त्यांनी उत्तर लिहिलं, "तुमची फाइल रिकामी आली आहे. तुमच्याकडची मूळ फाइल उघडते का ते बघा, उघडली तर पुन्हा जोडून पाठवा. काय छापायचंय, तेही लिहा."

तासाभरात धड फाइल आली. गिऱ्हाइकाच्या वडिलांच्या शोकसभेचं पत्रक होतं. मागचं पत्रक त्याच वडिलांच्या पंचाहत्तरीचं होतं.

अक्कांनी स्क्रीन मालकांकडे वळवली.

"लावू मागचंच?"