छाती अडतीस

सकाळी कुरिअरवाला सात पाकिटं परत टाकून गेला. धाकटीने ती एकेक करून उघडली. ती आणि तिची थोरली जाऊ हाताने शिवलेले ड्रेस ऑनलाइन विकायच्या. थोरली कापायची, धाकटी शिवायची, फोटो काढायची, ऑर्डरी बघायची. थोरलीला सगळी गल्ली ‘मास्तरीण’ म्हणायची, इतका तिचा कात्रीवर हात बसलेला. पण आता दहातले चार ड्रेस परत येत होते. वेबसाइटने बजावलं होतं: महिन्याभरात परत येणारा माल निम्म्यावर आणा, नाहीतर दुकान बंद.

सोबतच्या चिठ्ठ्यांत काहीजणींना ड्रेस ढगळ, काहीजणींना तंग.

“गिऱ्हाइकांनाच धड मोजता येत नाही,” मास्तरीण म्हणाली.

धाकटीने साइटवरचा मापांचा तक्ता उघडला. ‘छाती ३८’, ‘छाती ४२’. बस्स. छाती कुणाची, बाईची की ड्रेसची? अडतीसचा ड्रेस तर त्या तीन इंच मोकळा, एक्केचाळीसचा शिवत. घरातला जुना ड्रेस मोजून बायका मोठा साइझ मागवत होत्या. ढगळ होणारच!

तिने तक्त्यात दोन रकाने केले: अंगाचं माप आणि तयार कपड्याचं माप. टेप कुठून कुठे धरायची त्याचं चित्र काढलं. मग दुसरा रकाना खात्रीने भरावा म्हणून अडतीसचे ड्रेस टेबलावर सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजले आणि दुप्पट केले. पहिला एक्केचाळीस. दुसरा साडेएकोणचाळीस. तिसरा एकोणचाळीसलाही कमी.

तक्ता कितीही सुधारला तरी खोटाच पडणार होता.

“वहिनी, शिलाईत माझं काही चुकतंय का?”

मास्तरणीने ड्रेस हातात घेतला, शिलाईवरून बोट फिरवलं.

“तुझं नाही गं. मला डाव्या डोळ्याने सरळ रेघ वाकडी दिसते. वर्ष झालं.”

“आणि बोलला नाहीत?”

“बोलून काय? कात्री सोडली की मी कोण?”

धाकटीला रडू फुटलं. राग कुणावर काढायचा तेच कळेना. शेवटी तिने डोळे पुसले आणि शिल्लक साठ ड्रेस काढले. “तुम्ही कापड सपाट धरा. मी मोजते.”

साइटवर प्रत्येक ड्रेसखाली त्याचंच खरं माप गेलं: ‘तयार छाती साडेएकोणचाळीस. अंगाचं माप साडेछत्तीसपर्यंत असेल तरच घ्या.’ महिनाअखेरीस दहातले दोनच परत आले. दुकान वाचलं.

मास्तरणीचा डोळा तपासून डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. आहे तेवढी नजर टिकली तरी खूप. कापायला दुसरी बाई ठेवली. मास्तरीण रोज टेबलाशी येऊन बसते, धुऊन वाळलेल्या कापडाच्या सुरकुत्या तळहाताने काढते. नवी बाई कात्री चालवू लागली की ती उठून मोरीत जाते आणि नळ मोठा सोडते.