सात दट्ट्यांचा भोंगा

आमच्या बँडचा फ्लेक्स बदलायचा हे मास्तरांनी ठरवलं, तेव्हा बँड जवळजवळ बुडालेला होता. काष्टीच्या आसपास लग्नांना काही तोटा नाही, पण सगळीकडे डीजे. आम्ही आठ माणसं गणवेश घालून बसायचो आणि गणवेशाला कपाटातच वास यायला लागला होता. मास्तर म्हणाले, "ह्या सिझनला एक तरी मोठं लग्न मिळालं पायजे. न्हाई तर वाद्यं विकून टाकू आन् आपापल्या कामाला लागू."

आपापलं काम सगळ्यांनाच होतं. मी स्वतः सकाळ-संध्याकाळ डेअरीवर दुधाचं फॅट तपासतो. पण पंचवीस वर्षं मी क्लॅरोनेट वाजवतो आहे, आणि ते वाजवायची माझी जागा म्हणजे हा बँड. घरात वाजवलं तर शेजारची म्हैस दूध देत नाही, असं शेजाऱ्याचं म्हणणं. मला ते पटत नाही, पण म्हैस त्याची आहे.

तर मास्तर आणि मी फ्लेक्सच्या दुकानात गेलो. दुकान चालवणारी ताई हुशार आणि हजरजबाबी. आमच्याकडे बँडचा धड फोटोच नव्हता. एकात मास्तरांचे डोळे मिटलेले, दुसऱ्यात ढोलवाला जेवत होता. ती म्हणाली, "काका, फोटो कशाला पायजे? एआयला सांगते, तो काढून देतो." आणि तिने कॉम्प्युटरवर लिहिलं: ब्रास बँड, लाल गणवेश, सोनेरी वाद्यं.

चित्र आलं ते पाहून आधी आम्ही दोघं खूश झालो. आठच्या आठ जण देखणे, एकालाही पोट नाही. मग मास्तरांनी चष्मा लावला.

"ह्यो ट्रम्पेटवाला फुंकतो कुठनं?"

खरंच, ट्रम्पेटला तोंडच नव्हतं. नळी गालापाशी येऊन गालातच शिरली होती. दुसऱ्याच्या वाद्याची नळी गोल फिरून स्वतःच्याच भोंग्यात घुसली होती, म्हणजे फुंकलेली हवा घरच्या घरी. क्लॅरोनेटवाला तर क्लॅरोनेट उलटं धरून रुंद बाजूने वाजवत होता. मी स्क्रीनवर बोट ठेवलं. मी म्हणालो, "अगं, पत्ती दुसऱ्या टोकाला असते. पत्ती थरथरली तरच आवाज निघतो."

"त्याला काय माहीत काका," ताई म्हणाली. "त्यानं लाखो फोटो बघितलेत, पण फुंकून कधी बघितलंय? वाद्य दिसतं कसं तेवढं त्याला कळतं, वाजतं कसं न्हाई." मग तिने आम्हाला एका केटरर्सचा फ्लेक्स दाखवला. त्यातल्या काटेचमच्याला दोन्ही टोकांना काटे होते आणि मधला दांडा सुरीच्या पात्यातून आरपार गेला होता. "ह्याला तर कुनीच काही बोललं न्हाई. जेवनं चालू हायत त्याची."

मास्तरांना फ्लेक्सवर 'वेळेवर हजर' असंही हवं होतं. शेजारी एक घड्याळ, नऊ वाजलेलं. ताईने नऊ सांगितलं, घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं. परत सांगितलं, परत दहा दहा. पाचव्यांदा ती ओरडूनच म्हणाली, "नऊ!" कॉम्प्युटरला ऐकू येत नसावं. तिचं म्हणणं असं की जाहिरातीतली सगळी घड्याळं दहा दहालाच उभी असतात, म्हणून त्याला तेवढीच वेळ ठाऊक. बरं, दोन्ही काटे सारख्याच लांबीचे. दहा दहा म्हणावं की दोनला दहा कमी, तेही कळेना.

शेवटच्या प्रयत्नात त्याने कमालच केली. घड्याळ उचलून सरळ एका वाद्याच्या पोटावर बसवलं. ते वाद्य मधल्या माणसाच्या हातात होतं. त्याला दोन भोंगे, एक मोठा आभाळाकडे, एक छोटा माणसाच्या तोंडाकडे. मध्ये नळीचं वेटोळं, त्यावर ओळीने सात दट्टे. ट्रम्पेटला तीन दट्टे असतात. दट्टा दाबला की हवा जास्तीच्या नळीतून फिरून जाते आणि सूर उतरतो. ह्या सात दट्ट्यांना जास्तीची एकही नळी नव्हती. सातही दाबले तरी हवेला पत्ता लागला नसता. आणि घड्याळात अकराचा आकडा दोनदा होता.

"लांबून कोन बघतंय," मास्तर म्हणाले, आणि फ्लेक्स छापला.

लांबून बघणारा बाजाराच्या दिवशी आला. पाथर्डीकडचा एक गृहस्थ, बैल बघायला आला होता आणि भाच्याच्या लग्नासाठी बँडही बघत होता. चौकातला आमचा फ्लेक्स बघून तो थेट मास्तरांच्या घरी. "मास्तर, बँड पक्का. पन ते मधलं वाद्य पायजे. घड्याळाचं. आमच्या भागात अजून कुनी आणलं न्हाई."

मास्तरांनी मला डोळ्याने गप्प केलं. "त्ये स्पेशल हाय, मामा."

"स्पेशल हाय म्हनूनच. ते न्हाई आलं तर सुपारी परत."

मामा गेल्यावर मी मास्तरांना खूप बोललो. खोटं बोललात, आता नाक कापलं जाणार, वगैरे. ते शांतपणे म्हणाले, "नाक हाय कुठं आता? लग्न गेलं तर बँड गेला. तू क्लॅरोनेट म्हशीला ऐकवशील."

आम्ही वेल्डरकडे गेलो. त्याने चित्र आडवं धरलं, उभं धरलं, आणि विचारलं, "पानी कुठनं येतं ह्यात?" समजावल्यावर त्याने जुन्या लाउडस्पीकरचे दोन कर्णे शोधले, एक मोठा, एक छोटा. मधे जीपच्या एक्झॉस्टचा वाकडा पाइप जोडला. वर सात बोल्ट, खाली स्प्रिंगा, म्हणजे दाबले की खाली जातात आणि सोडले की वर येतात. बाकी काही होत नाही. बंद पडलेल्या भिंतीवरच्या घड्याळाची तबकडी पोटावर बसवली आणि काटे चित्रातल्यासारखे दहा दहावर चिकटवून टाकले. वरून सोनेरी रंग. खरं सांगतो, दिसायला झकास दिसत होतं.

ते धरायचं कुणी? मास्तर म्हणाले, "तूच. तुझं क्लॅरोनेट नसलं तरी कुनाला कळनार न्हाई."

हे वाक्य मला लागलं. अजूनही लागतं.

ठरलं असं की बाकीचे सात जण जोरात वाजवतील आणि मी नुसतं गाल फुगवून बोल्ट दाबायचे. परण्या, म्हणजे नवरदेवाची लग्नाआधीची मिरवणूक, निघाला. नवरदेव घोड्यावर, मारुतीचं दर्शन घेऊन वरात मंडपाकडे वळली. मुहूर्त साडेबाराचा. सुरुवातीला सगळं सुरळीत होतं. मी इतका मनापासून गाल फुगवत होतो की कान दुखायला लागले. मामा माझ्या शेजारीच नाचत होता, आणि मधूनमधून वाकून माझ्या पोटावरच्या घड्याळात बघत होता.

"दहा वाजून दहा मिन्टं! लई टाइम हाय! नाचा!"

थोड्या वेळाने परत वाकला. "दहा वाजून दहा मिन्टं! नाचा!"

मनगटावरचं घड्याळ फक्त मास्तरांच्या हातात होतं. त्यांनी ते मला लांबून दाखवलं. बारा वाजून पाच. मंडप अजून दोन गल्ल्या पुढे. मुहूर्त टळला तर बोट दाखवायला घड्याळ आमचंच होतं.

नेमका तेव्हाच मामाने हात वर केला. "थांबा! सगळी थांबा! आता ह्याचा एकट्याचा आवाज ऐकू द्या!"

सगळं शांत झालं. शे-दोनशे माणसं माझ्याकडे बघायला लागली. मोबाईल वर झाले. पंचवीस वर्षांत मला एकट्याला वाजव असं कुणी म्हटलं नव्हतं. आज म्हटलं, तर हातात एक्झॉस्टचा पाइप!

मी बोल्ट दाबले. फुंकलं. फुस्स असा बारीक वारा आला. ज्याला पत्तीही नाही आणि ओठ थरथरवायला तोंडही नाही, ते वाजणार कसं? मामाच्या भुवया जवळ यायला लागल्या. मग मला सुचलं म्हणण्यापेक्षा भीतीने तोंडातून निघालं. छोट्या कर्ण्यात तोंड घालून मी गळ्यानेच ओरडलो, "पोंऽऽ!"

कर्णा तो कर्णाच. मोठ्या टोकातून असा काही आवाज निघाला की घोडा दोन पावलं मागे सरला. माणसं खूश. मी आणखी एक "पोंपों" केलं, बोल्ट दाबले, लावणीच्या चालीवर "पोंपोंपों, पोंपोंपों" सुरू केलं. ढोलवाल्याने ठेका धरला. मामा वेडापिसा झाला. "वन्स मोर!" आणि परत वाकून घड्याळात बघितलं. "दहा वाजून—"

पुढचं मी त्याला बोलू दिलं नाही. त्याच चालीत, कर्ण्यातून, गळा फाडून गायलो, "मुहूर्त आला, मंडपात चला! बारा वाजले, मंडपात चला!"

लोकांना वाटलं हेच गाणं आहे. सगळे ते म्हणत, नाचत, जवळजवळ धावतच निघाले. "मंडपात चला!" म्हणत मामा सगळ्यात पुढे. बारा वाजून सत्तावीस मिनिटांनी नवरदेव बोहल्यावर उभा होता. आमच्याकडच्या लग्नात असं कधी होत नाही. मुलीकडचे तर तयारसुद्धा नव्हते.

जेवताना मामा माझ्या पंगतीत येऊन बसला. मला आग्रह करकरून जिलबी वाढली आणि म्हणाला, "धाकट्या भाच्याचं लगीन बी तुमालाच. फकस्त एक सांगतो, त्या क्लॅरोनेटच्या भानगडीत पडू नका. ह्येच आणा." बँड वाचला होता. मास्तरांनी खुशीत डोळे पुसले. मला आनंद झाला होता, आणि रडूही येत होतं, आणि घसा बसल्यामुळे दोन्हीपैकी काहीच करता येत नव्हतं. हाय ना जिलबी, म्हणून खात राहिलो.

आठवड्याभरात चार लग्नं पक्की झाली. तेव्हा मास्तर म्हणाले, आता नवा फ्लेक्स, आणि ह्या वेळी खरा फोटो. वरातीतला माझा फोटो घेऊन मी फ्लेक्सच्या ताईकडे गेलो. गाल फुगलेले, दोन्ही हात बोल्टांवर, पोटावर दहा दहा. तिने तो मोठा करून बराच वेळ पाहिला आणि मान हलवली.

"काका, कुनाकडनं बनवून घेतला? लई खोटा हाय. असलं वाद्य असतं व्हय? मानूस बी खरा वाटंना."

"अगं, मी हाय तो!"

"चेहरा ठीक हाय, पन बोटं बघा. एआयच्या चित्रात बोटांत गडबड असतीच."

ती विनोद करत नव्हती. मी दोन्ही हात काउंटरवर पालथे ठेवले. ज्या बोटांनी मी पंचवीस वर्षं क्लॅरोनेटची भोकं झाकली, ती तिने एकेक करून मोजली, अंगठे परत मोजले. दहा भरली, तेव्हा कुठे तिने ऑर्डर घेतली.