पिन गेला आणि जावई आठवला

दारव्ह्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. येणारा प्रत्येक माणूस आधी मला ओलांडून आत बघतो आणि विचारतो, "मिस्त्री कुठी हाय?" मिस्त्री मीच, एक बाई, हे पटेपर्यंत माझं डोकं तापलेलं असतं.

त्या सकाळी एक काका लॅपटॉप उपरण्यात गुंडाळून घेऊन आले. शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, आवाज अजून वर्गातलाच.

"अपडेट का काय ते झालं, तवापासून पिन घेतच नाही. म्या काहीच नाही केलं."

हे शेवटचं वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाचं असतं. या वेळी मात्र ते खरं होतं. पडद्यावर लिहून आलं होतं की काहीतरी घडलं आहे, तुमचा पिन उपलब्ध नाही, नवीन पिन लावा. नवीन लावायला जावं तर खिडकी उघडून लगेच मिटत होती. काय घडलं ते कळवायची पद्धत कंपनीकडेही नाही आणि आपल्या सरकारी कचेऱ्यांतही नाही.

"पासवर्ड सांगा काका. पिन फक्त या मशीनपुरता असतो, खात्याचा पासवर्ड वेगळा."

तो काकांना ठाऊकच नव्हता. खातं धाकट्या जावयाच्या मेलवर होतं. त्यांनीच लॅपटॉप घेऊन दिला, चालू करून दिला.

"मग लावा त्यांना फोन."

"त्यायले? मेलो तरी नाही."

कारण ऐकून मला हसू आवरेना. दिवाळीला थोरल्या जावयाला आणायला स्टँडवर गाडी गेली आणि धाकटे मात्र काळीपिवळी जीपमध्ये कोंबले जाऊन आले. ते रुसले, हे फुगले. तेव्हापासून मुलगीही माहेरी आली नव्हती. मोठमोठ्या देशांची भांडणंसुद्धा याहून बऱ्या कारणांवर होत असतील.

"फॉरमॅट मारून टाक," काका म्हणाले.

"सगळं पुसलं जाईल. आणि आतलं आधी काढून घेऊ म्हटलं तर डिस्कला कुलूप आहे, त्याची चावीही जावयांच्याच खात्यात. आत आहे काय?"

"काही नाही. कापसाचे भाव पाह्यतो." मग उपरण्याचं टोक चाळवत हळूच म्हणाले, "नातीच्या बारशाचे फोटो हायेत. दुसरीकडं कुठीच नाहीत."

माझं हसू तिथेच थांबलं.

बराच वेळ त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं. मग फोन लावला.

"मी बोलून राह्यलो."

पलीकडून जावई, "बोला मामाजी."

पासवर्ड जावयांनाही आठवत नव्हता. तेही रोज पिनच टाकणारे. मी माझ्या मशीनवरून खात्याचा पासवर्ड बदलायला घेतला, त्याचा कोड त्यांच्या मोबाइलवर जाणार होता. तो आला. पण तो सांगता सांगता मागून एक बारीक आवाज बडबडायला लागला आणि काकांनी एकही आकडा लिहिला नाही. फोन ठेवल्यावर कागद कोरा.

"अजून एकदा लावा लागते," काका म्हणाले. इतक्या उत्साहाने चूक मान्य करणारा मास्तर मी पहिल्यांदाच पाहिला.

दुसऱ्या फोनवर पेरणी झाली, पोरीचे दात झाले, मग कोड झाला. नव्या पासवर्डने आम्ही आत शिरलो. सेटिंग्जमध्ये पिनची ओळ करडी पडलेली, बोट लावलं तरी ढिम्म. विंडोज पिनचं सगळं सामान एनजीसी नावाच्या एका फोल्डरमध्ये ठेवतं, अपडेटमध्ये तेच बिघडलं होतं. त्या फोल्डरला ॲडमिनिस्ट्रेटरलासुद्धा सहजासहजी हात लावता येत नाही. आधी त्याची मालकी स्वतःकडे घ्यावी लागते. ती घेतली आणि आतलं सगळं पुसायला लागले, तर काकांनी माझा हात धरला.

"फोटो!"

"फोटोंना धक्का नाही काका. फक्त पिन जातो, या मशीनवरचे सगळ्यांचे पिन जातात. नवीन लावता येतो."

मशीन बंद करून चालू केलं, पासवर्ड टाकला. पिनची ओळ जिवंत झालेली. मला पाठ फिरवायला लावून काकांनी नवीन पिन ठेवला. मग कापसाचे भाव न बघता थेट फोटो उघडले आणि चष्मा पुसत बसले. मी उगीचच स्क्रूड्रायव्हर डब्यात लावायला घेतले. दुकान आहे, रडायची जागा नाही.

"काका, तुमच्या स्वतःच्या नावाचं खातं काढून देते. म्हणजे पुन्हा कधी जावयांना फोन करायची पाळी येणार नाही."

काकांनी झटकन लॅपटॉप मिटला आणि उपरण्यात गुंडाळला.

"कायले? हाय तेच राहू दे." पायरीवर थांबून त्यांनी मागे वळून विचारलं, "अन् पोरी, पुढचा अपडेट कधी येते?"