मेहुण्याची पट्टी

माझा मेहुणा स्नेअर ड्रम सुरात लावतो, आणि बायको त्याचं कौतुक असं करते की माझा स्टुडिओ जणू त्याच्याच जिवावर चालतो. तो प्रत्येक बोल्टाजवळ टिचकी मारतो, चावी किंचित फिरवतो आणि सगळीकडे सारखाच सूर आला की कातड्याच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा लावतो. ठोक्यामागे रेंगाळणारी टिणटिण गायब!

त्या दिवशी माझं डोकंच फिरलं. चहाच्या सुट्टीत मी एक बोल्ट ढिला केला आणि पट्टी उपटली. रेकॉर्डिंगमध्ये टिणटिण आली तेव्हा ऐटीत म्हणालो, "राहू दे, नंतर गेट लावून कापतो." गेट ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करतो. त्याने टिणटिणीबरोबर हलके ठोकेही गिळले, आणि जोरदार ठोक्यांमध्ये ती होती तशीच राहिली.

"माझे हलके ठोके कुठे गेले?" ड्रमर ओरडला.

मेहुण्याने टिचक्या मारत तो बोल्ट शोधला आणि आवळला. मग माझ्या बाहीला चिकटलेली पट्टी हळूच काढून जागच्या जागी लावली.

घरी बहिणीसमोर, म्हणजे माझ्या बायकोसमोर, त्याने अवाक्षर काढलं नाही. मेल्याचा तो मोठेपणा मला अजून पचलेला नाही.